वॉचवरून गाडी लॉक-अनलॉक करायची, बॅटरी-रेंज बघायची: सेटिंग कसं करायचं आणि ते मधेच का अडकतं

मनगटावर बटण दाबलं आणि गाडीचं दार उघडलं, बाहेरून बघायला एवढंच दिसतं. पण मधे दोन पूर्ण वेगळ्या पद्धतींपैकी एक काम करत असते, आणि आपल्या गाडीत कुठली आहे हे माहीत नसेल तर सेटिंग करताना आणि नंतर अडकल्यावर नुसता गोंधळ होतो. एक म्हणजे सर्व्हरवाली पद्धत, वॉचचा आदेश इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरला जातो आणि तिथून गाडीकडे येतो. दुसरी म्हणजे थेट पद्धत, ज्याला डिजिटल की म्हणतात, वॉच आणि गाडी समोरासमोर ब्लूटूथने किंवा टेकवून चालणाऱ्या एनएफसीने बोलतात आणि मधे इंटरनेट लागतच नाही. बहुतेक कनेक्टेड गाड्यांच्या वॉच अॅपमध्ये पहिलीच असते, काहींमध्ये दोन्ही असतात.

वॉच जोडून झाल्यावर आपली कुठली ते ओळखायची सोपी युक्ती आहे. गाडीजवळ उभं राहायचं, खरी चावी घरी ठेवून यायची (ती खिशात असेल तर दार तिच्यामुळे उघडेल आणि आपण वॉचला शाबासकी देऊ), फोन फ्लाइट मोडवर टाकायचा पण ब्लूटूथ चालू ठेवायचं, फोन आणि वॉच दोन्हीचं वायफाय बंद, वॉचमध्ये सिम असेल तर तेही बंद. आता वॉचवरून अनलॉक करून बघा. उघडलं तर थेट पद्धत आहे. चकती फिरत राहिली आणि एरर आला तर तुमचं सगळं सर्व्हरवर अवलंबून आहे. मी मुख्यतः त्याबद्दलच लिहितोय कारण प्रश्न तिथेच जास्त येतात.

सर्व्हरवाल्या पद्धतीत काय काय होतं बघा. तुम्ही वॉचवर लॉक दाबलं की ते आधी ब्लूटूथने फोनला जातं, फोन ते इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरला पाठवतो, सर्व्हर बघतो की हे खातं या गाडीचं आहे का, सेवा चालू आहे का, पिन बरोबर आहे का, मग तो गाडीतल्या मॉडेमला हाक मारतो. हा मॉडेम म्हणजे गाडीत कायमचा बसवलेला छोटा मोबाइलच समजा, त्याला स्वतःचं सिम असतं, तुमच्या फोनशी त्याचा काही संबंध नाही. गाडी पार्क असली की ती झोपलेली असते, म्हणजे आतले बहुतेक कॉम्प्युटर बंद आणि मॉडेम अगदी कमी विजेवर कान लावून बसलेला. हाक आली की तो जागा होतो, आतल्या बाकी कॉम्प्युटरना उठवतो, त्यातला एक दाराच्या लॉकच्या मोटरी फिरवतो, आणि मग ‘झालं’ असा निरोप त्याच मार्गाने उलटा तुमच्या मनगटापर्यंत येतो. म्हणून सहज दहा-वीस सेकंद जातात, कधी मिनीटभरही लागतं, आणि त्यात वॉच स्लो आहे असं काही नसतं. बराचसा वेळ गाडी उठण्यात जातो.

आता सेटिंग. वॉचला हात लावायच्या आधी फोनमध्ये सगळं नीट चालायला हवं, कारण वॉच अॅप बऱ्याचदा फोनमधल्या अॅपची सावली असते, फोनमध्ये जे चालत नाही ते वॉचवर कधीच चालणार नाही. कंपनीच्या अॅपमध्ये खातं उघडायचं, गाडीचा चासी नंबर टाकायचा किंवा गाडीच्या स्क्रीनवर आलेला क्यूआर कोड स्कॅन करायचा, मग बहुतेक वेळा गाडीत बसून, गाडी चालू करून, स्क्रीनवर ‘हो मीच मालक’ अशी परवानगी द्यावी लागते. ही शेवटची पायरी लोक विसरतात, अॅपमध्ये गाडीचा फोटो दिसायला लागला की त्यांना वाटतं झालं, पण लॉक-अनलॉकचे अधिकार त्या परवानगीनंतरच मिळतात. त्याच वेळी दोन गोष्टी बघून घ्या. कनेक्टेड सेवेचं सबस्क्रिप्शन चालू आहे ना (पहिली काही वर्षं फुकट असतं, मग एक दिवस गुपचूप संपतं), आणि गाडीच्या सेटिंगमध्ये लोकेशन आणि डेटा शेअरिंग चालू आहे ना, प्रायव्हसी मोड लावलेला असेल तर बऱ्याच गाड्या रिमोट आदेश घेतच नाहीत.

मग फोनवरून एकदा लॉक, एकदा अनलॉक करा, गाडीसमोर उभं राहून. चाललं की मगच वॉच.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, स्मार्टवॉच म्हणून विकलं जाणारं प्रत्येक घड्याळ यात चालत नाही. बऱ्याच स्वस्त घड्याळांमध्ये आणि फिटनेस बँडमध्ये बाहेरचं अॅप टाकायची सोयच नसते, ती फोनवरचं नोटिफिकेशन दाखवतात आणि पावलं मोजतात. गाडीच्या कंपन्या वॉच अॅप बनवतात ते मुख्यतः अॅपल वॉचसाठी आणि गुगलच्या वेअर ओएसवाल्या घड्याळांसाठी, काही दोन्हींसाठी, काही एकासाठीच. आणि हल्लीची वेअर ओएस घड्याळं आयफोनला जोडता येत नाहीत, अॅपल वॉच अँड्रॉइडला जोडता येत नाही, त्यामुळे वॉच घ्यायच्या आधी अॅप स्टोअर किंवा प्ले स्टोअरवर गाडीच्या अॅपच्या पानावर वॉचचे स्क्रीनशॉट आहेत का बघा. तिथे नसतील तर दुकानदार काहीही म्हणो.

अॅपल वॉच असेल तर आयफोनमधल्या Watch अॅपमध्ये खाली Available Apps मध्ये गाडीचं अॅप दिसतं, तिथून इन्स्टॉल. वेअर ओएसवर घड्याळातलं प्ले स्टोअर उघडायचं, फोनमधल्या अॅपच्या यादीत ते सापडतं. इन्स्टॉल झाल्यावर वॉचवर उघडलं तर बऱ्याचदा ‘फोनवर लॉगिन करा’ एवढाच मेसेज येतो आणि लोक म्हणतात की अॅप खराब आहे. खरं कारण असं की वॉचवर तुम्ही पासवर्ड टाइप करत नाही, फोनमधलं अॅप लॉगिनची खूण वॉचला पाठवतं, आणि ती पाठवायला दोन्ही अॅप एकाच वेळी जागी असावी लागतात. म्हणून फोन अनलॉक करा, त्यात गाडीचं अॅप समोर उघडं ठेवा, शेजारी वॉचवर अॅप उघडा आणि थोडं थांबा. नाही झालं तर फोनमध्ये लॉगआउट करून परत लॉगिन, वॉच अॅप उघडंच ठेवून. फोन बदलला किंवा पासवर्ड बदलला की हे परत करावं लागतं.

यानंतर वॉचला कुलूप लावा. हे ऐच्छिक समजू नका, कारण आता ते घड्याळ म्हणजे गाडीची चावी आहे. अॅपल वॉचवर पासकोड आणि Wrist Detection चालू ठेवायचं, म्हणजे घड्याळ मनगटावरून काढलं की आपोआप लॉक होतं आणि घातल्यावर एकदा कोड टाकला की दिवसभर विचारत नाही. वेअर ओएसवर सिक्युरिटी सेटिंगमध्ये स्क्रीन लॉक लावायचं, तेही तसंच काम करतं. काही अॅप अनलॉक करताना वेगळा चार आकडी पिन मागतात, छोट्या स्क्रीनवर तो टाकायचा कंटाळा येतो हे खरं, पण निदान अनलॉकसाठी तरी तो बंद करू नये असं माझं मत, लॉकला नसला तरी चालेल. लॉक चुकून दाबलं गेलं तर काय बिघडतं?

अँड्रॉइड फोन असेल तर अजून एक काम बाकी आहे. फोनची बॅटरी वाचवणारी सेटिंग बॅकग्राउंडमधली अॅप मारून टाकते, मग सकाळी छान चालणारं वॉच संध्याकाळी ‘फोनशी संपर्क नाही’ म्हणतं, जरी ब्लूटूथ जोडलेलं दिसत असलं तरी. फोनच्या सेटिंगमध्ये गाडीच्या अॅपला आणि घड्याळाच्या अॅपला, दोघांनाही बॅटरी ऑप्टिमायझेशनमधून बाहेर काढा. एकालाच काढून उपयोग नाही.

आता सगळ्यात जास्त चिडचिड होते तो प्रसंग, टाइमआउट. समजा तुम्ही गाडी लावून लिफ्टमध्ये शिरलात आणि आठवलं की लॉक केलं का नाही. वॉचवर लॉक दाबलं, चकती फिरतेय, लिफ्टमध्ये फोनचं नेटवर्क गेलं, वॉचवर आलं ‘विनंती पूर्ण झाली नाही’. याचा अर्थ गाडी लॉक झाली नाही असा घेऊ नका. याचा अर्थ एवढाच की उत्तर परत आलं नाही. आदेश गाडीपर्यंत पोचून लॉक झालेलं असू शकतं आणि फक्त परतीचा निरोप लिफ्टमध्ये हरवला, किंवा आदेश सर्व्हरवर रांगेत उभा आहे आणि गाडी अर्ध्या मिनिटाने उठून तो पाळणार आहे, किंवा खरंच काही झालं नाही. बाहेरून तिन्ही सारखंच दिसतं. अशा वेळी पटापट तीन-चारदा लॉक दाबू नका, पहिला आदेश अडकलेला असताना बरेच सर्व्हर दुसरा नाकारतात आणि मग तुम्हाला नवीनच एरर दिसतो जो मूळ प्रश्नाबद्दल काहीच सांगत नाही. आणि लॉक-अनलॉक आलटून पालटून तर अजिबात दाबू नका, शेवटी गाडी कुठल्या अवस्थेत राहिली हे कळणार नाही. नेटवर्कमध्ये या, एक-दोन मिनिटं थांबा, मग अॅपमध्ये ताजी स्थिती मागवा आणि दारांच्या चित्राशेजारची वेळ बघा. वेळ तुम्ही लॉक दाबल्यानंतरची असेल तर ती स्थिती खरी. आधीची असेल तर ती जुनी माहिती आहे, तिच्यावर जाऊ नका.

तरीही काही प्रकार असे आहेत की गाडी मुद्दामच नकार देते. एखादं दार नीट लागलं नाही, गाडी पार्कमध्ये नाही किंवा चालूच राहिली आहे, किंवा खरी चावी आत राहिली आहे, यापैकी काही असेल तर बऱ्याच गाड्या रिमोट लॉक करत नाहीत. चांगलं अॅप कारण सांगतं, वाईट अॅप नुसतं ‘अयशस्वी’ म्हणतं. उलट बाजूने, वॉचवरून अनलॉक केलं आणि कुणी दारच उघडलं नाही तर बऱ्याच गाड्या साधारण अर्ध्या मिनिटात स्वतःहून परत लॉक होतात, त्यामुळे लांबून कुणासाठी अनलॉक करत असाल तर तो माणूस गाडीजवळ पोचल्यावरच करा.

आणि बेसमेंट पार्किंग. तिथे तुमच्या फोनला नेटवर्क नसणं हा अर्धाच प्रॉब्लेम आहे, खरा प्रॉब्लेम गाडीच्या मॉडेमला नेटवर्क नसण्याचा. तुम्ही वर गच्चीत फुल्ल नेटवर्कमध्ये उभे असलात तरी खाली गाडीला हाक ऐकू येत नसेल तर काही होणार नाही. तसंच गाडी बरेच दिवस हलवली नाही तर अनेक गाड्या वीज वाचवायला मॉडेमही झोपवून टाकतात, मग एकदा खऱ्या चावीने गाडी चालू करेपर्यंत वॉचवरून काहीच चालत नाही. सुट्टीवरून आल्यावर ‘वॉच बिघडलं’ म्हणणारे बरेचसे लोक या प्रकारातले.

बॅटरी आणि रेंजकडे येऊ. वॉचच्या डायलवर गाडीची बॅटरी टक्क्यात दाखवता येते. डायल दाबून धरा, एडिटमध्ये जा, त्या छोट्या चौकटीत गाडीचं अॅप निवडा. दिसायला भारी, पण तो आकडा या क्षणाचा आहे असं समजू नका. तो गाडीने सर्व्हरला शेवटचा कळवलेला आकडा असतो, बहुतेक वेळा गाडी बंद करतानाचा. त्यात वॉचची स्वतःची काटकसर, डायलवरच्या अॅपला अॅपल वॉच तासाला साधारण चार वेळा स्वतःला ताजं करू देतं आणि वेअर ओएसवर ठरावीक वेळाने ताजं करायचं तर पाच मिनिटांपेक्षा कमी अंतर ठेवता येत नाही. आणि ताजं करणं म्हणजेसुद्धा सर्व्हरकडची प्रत परत वाचणं, गाडीला उठवून विचारणं नव्हे.

गाडीला खरोखर उठवायचं तर अॅपमधलं रिफ्रेश बटण असतं, काही अॅपमध्ये स्क्रीन खाली ओढायची. ते सारखं सारखं करू नका, आणि याचं कारण बऱ्याच जणांना माहीत नसतं. इलेक्ट्रिक गाडीतसुद्धा मोठ्या बॅटरीशिवाय एक छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते, आणि मॉडेम, आतले कॉम्प्युटर, दाराची लॉकं हे सगळं तिच्यावर चालतं. प्रत्येक रिफ्रेशला गाडी उठते, काही मिनिटं जागी राहते आणि ही छोटी बॅटरी थोडी खाली जाते. काही गाड्या मोठ्या बॅटरीतून तिला वेळोवेळी भरत राहतात, काही नाही. दर दहा मिनिटांनी गाडीला विचारणारं एखादं तिसऱ्याच कुणाचं अॅप वॉचवर टाकलं आणि गाडी आठवडाभर उभी राहिली, तर मोठी बॅटरी ८० टक्के आणि दार मात्र उघडत नाही अशी मजा होऊ शकते. म्हणून कंपन्या दिवसाला किती वेळा उठवता येईल याच्यावर मर्यादा घालतात, ती संपली की अॅप जुनाच आकडा दाखवत राहतं.

रेंजचा आकडा तर अजून एक पायरी पुढे आहे, कारण तो मोजलेला नसतो, अंदाज असतो. उदाहरण घेऊ. गाडीच्या बॅटरीची वापरता येणारी क्षमता ६० किलोवॅट-तास, म्हणजे ६० युनिट. वॉचवर ४६ टक्के दिसतंय. ६० चे ४६ टक्के म्हणजे २७.६ युनिट शिल्लक. आता गाडी मागच्या काही प्रवासावरून ठरवते की तुम्ही किती खाता. काल हायवेला जोरात गेला असाल आणि १०० किलोमीटरला २० युनिट लागले असतील तर वॉच १३८ किलोमीटर दाखवेल. तेच आठवडाभर गावातल्या गावात सावकाश फिरला असाल आणि १०० ला १४ युनिट लागत असतील तर तेच ४६ टक्के १९७ किलोमीटर म्हणून दिसतील. बॅटरी तीच, फरक जवळजवळ ६० किलोमीटरचा. त्यात एसी किंवा हीटर चालू केला की आकडा अजून उतरतो. म्हणून मी डायलवर रेंज न लावता टक्केच लावतो, आणि लांब जायचं असेल तेव्हा टक्क्यांवरून, ज्या रस्त्याने जायचंय त्या रस्त्याच्या खर्चाने, स्वतः हिशोब करतो. आठवडाभर गावात फिरून हायवेला निघताना तो १९७ वाला आकडा खरा मानणं हे सगळ्यात महागात पडणारं आहे.

चार्जिंग चालू असताना मात्र वॉचचा खरा उपयोग होतो, कारण तेव्हा गाडी जागीच असते आणि स्वतःहून माहिती पाठवत राहते. फोनमध्ये चार्जिंगची नोटिफिकेशन चालू करा आणि ती वॉचवर येऊ द्या, चार्जिंग पूर्ण झालं किंवा मधेच थांबलं की मनगटावर कळतं. डायलवरच्या आकड्यापेक्षा या नोटिफिकेशनवर जास्त भरवसा ठेवा, ती गाडीकडून आलेली असते.

थेट पद्धत, म्हणजे डिजिटल की, ज्यांच्या गाडीत आहे त्यांनी ती नक्की लावावी, बेसमेंटचा सगळा त्रास तिथे संपतो. अॅपलची कार की २०२० मध्ये आली, पहिली बीएमडब्ल्यूच्या गाड्यांमध्ये. किल्ली आधी आयफोनच्या वॉलेटमध्ये जोडायची, कंपनीच्या अॅपमधून किंवा गाडीच्या स्क्रीनवरून, मग Watch अॅपमधल्या Wallet & Apple Pay मध्ये जाऊन ती वॉचवर टाकायची. एनएफसीवाली असेल तर वॉच दाराच्या हँडलला टेकवावं लागतं, यूडब्ल्यूबी, म्हणजे अंतर अचूक मोजणाऱ्या रेडिओवर चालणारी असेल तर नुसतं जवळ गेलं की उघडतं. टेस्लाचं अॅपल वॉच अॅप डिसेंबर २०२४ मध्ये आलं, त्यातही वॉचच चावी म्हणून चालतं. या पद्धतीत फोन घरी राहिला तरी चालतं. पण बॅटरी आणि रेंज ही वॉलेटमधली किल्ली सांगत नाही, त्याला अॅपच लागतं, म्हणून दोन्ही ठेवा.

थेट पद्धतीत सुरक्षेचा एक मुद्दा आहे. नुसत्या ब्लूटूथवर चालणाऱ्या चावीला फसवता येतं, एक चोर तुमच्या जवळ आणि दुसरा गाडीजवळ उभा राहून सिग्नल पुढे ढकलतो आणि गाडीला वाटतं तुम्ही शेजारीच आहात. एनसीसी ग्रुप या सायबरसुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी २०२२ मध्ये टेस्ला मॉडेल ३ वर हे करून दाखवलं होतं. यूडब्ल्यूबी सिग्नलला यायला-जायला लागलेला वेळ मोजते, त्यामुळे लांबून खोटं बोलणं तिथे खूप अवघड. तुमच्या गाडीत फक्त ब्लूटूथ असेल तर गाडी चालू करायला वेगळा पिन लावायची सोय आहे का बघा, टेस्लात आहे.

कुठलीही पद्धत असो, १२ व्होल्टची बॅटरी मेली की वॉच, फोन, सर्व्हर सगळं गप्प. बऱ्याच गाड्यांच्या रिमोट चावीच्या आत एक साधं धातूचं पातं लपवलेलं असतं आणि दाराच्या हँडलवर झाकणाखाली त्याची खाच. ती कुठे आहे हे आजच मॅन्युअलमध्ये बघून ठेवा. फक्त वॉच घेऊन लांबच्या प्रवासाला निघू नका.

वॉच हरवलं तर नुसतं घड्याळ लॉक आहे म्हणून स्वस्थ बसायचं नाही. अॅपलच्या फाइंड माय किंवा गुगलच्या तशाच सोयीतून ते हरवलेलं म्हणून टाका, गाडीच्या खात्याचा पासवर्ड बदला आणि ‘सगळ्या डिव्हाइसमधून लॉगआउट’ असा पर्याय असेल तर तो दाबा, कारण वॉचमधली लॉगिनची खूण काही अॅपमध्ये पासवर्ड बदलल्यावरही लगेच मरत नाही. डिजिटल की असेल तर तीही वेगळी काढून टाका. आणि सेकंडहँड गाडी घेतली असेल तर वॉच जोडायच्या आधी गाडीच्या स्क्रीनवर जोडलेली खाती आणि किल्ल्या यांची यादी उघडा, आधीच्या मालकाने काढलं नसेल तर गाडी त्याच्याही मनगटावरून उघडते. यादीत अनोळखी नाव दिसलं तर फॅक्टरी रीसेट करा, मग नव्याने सगळं सुरू करा.